दहा प्रश्नांचा कागद

२०१२ च्या दिवाळीत बार्शीटाकळीतली तीन पोरं माझ्या दवाखान्यात आली. एक अकोल्याच्या, दोघं यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात, तिघंही शेवटच्या वर्षाला. “सर, बाकी एंडोक्राइन होते, अॅड्रिनल काही डोक्यात बसत नाही.” मी त्या रात्री दहा प्रश्न लिहून काढले. चारही पर्याय थोडेफार खरे, पण एकच सर्वांत योग्य, अशा धाटणीचे. तेव्हापासून दर दिवाळीला कुणी ना कुणी तो कागद मागायला येतं. प्रश्न आजही जवळपास तेच आहेत, पण मागच्या पानावरच्या उत्तरांत मला बरीच खाडाखोड करावी लागली.

पहिला प्रश्न असा. पन्नाशीचा शेतकरी, तीन महिन्यांपासून अशक्तपणा आणि उलट्या, वजन नऊ किलोने उतरलेलं. बीपी ८०/५०, सोडियम १२१, पोटॅशियम ५.९, साखर ५८. हिरड्यांवर काळे डाग. सर्वांत आधी काय कराल? (अ) एसीटीएच देऊन कॉर्टिसॉलची चाचणी, (आ) पोटाचा सीटी स्कॅन, (इ) रक्त काढून घेऊन लगेच शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन, (ई) टीबीची औषधं.

पहिल्या वर्षी तिघांनीही (अ) लिहिलं. पुस्तकात निदानाची पक्की चाचणी म्हणून तीच छापलेली असते, आणि निदानाशिवाय औषध नको हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. पण हा माणूस चाचणीचा रिपोर्ट येईस्तोवर टिकणार नाही. उत्तर (इ). त्यातले ‘रक्त काढून घेऊन’ हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, एकदा ते टोचलं की नंतरच्या नमुन्यात रुग्णाचं कोणतं आणि आपलं कोणतं हे कळत नाही. म्हणून आधी कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी दोन नळ्या भरायच्या, त्यांना लागतो एक मिनिट, आणि मग सुई तशीच ठेवून औषध सोडायचं.

हा शेतकरी मी कल्पनेतून उभा केलेला नव्हता. तो महानकडच्या एका खेड्यातला. खोकला होता, थुंकीत टीबीचे जंतू सापडले, मी नियमाप्रमाणे एकेटी सुरू केली. अशक्तपणा टीबीचाच, असं मी धरून चाललो. बाराव्या दिवशी बायकोनं त्याला ऑटोत घालून आणला. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल म्हणून सलाईन लावली. दोन बाटल्या गेल्या तरी बीपी वर येईना. मग तोंड उघडून पाहिलं. आपल्याकडे कापसात राबणारा माणूस उन्हानं काळाच असतो, चेहऱ्यावरून काही कळत नाही. पाहायच्या त्या ऊन न लागणाऱ्या जागा. हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुन्या जखमेचा वण. त्याच्या हिरड्यांवर शाईचे शिंतोडे उडावेत तसे निळसर-काळे ठिपके होते. बायको म्हणाली, “भाकरीवर मीठ घेतेत जी हे वरतून, मुठीनं.” अल्डोस्टेरॉन नसलं की लघवीवाटे सोडियम वाहून जातं आणि शरीर मीठ मागतं. तीन महिने ते ताटात दिसत होतं, मी विचारलं नव्हतं.

इंजेक्शननंतर पहाटे त्यानं चहा मागितला. कॉर्टिसॉल २ आलं. अकोल्याला केलेल्या सीटीत दोन्ही अॅड्रिनल फुगलेल्या, आत चुन्याचे कण. टीबीत ग्रंथी आधी सुजते, पुढं वर्षानुवर्षांत आक्रसून दगडासारखी होते. दोन्ही ग्रंथींचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग गेल्याशिवाय लक्षणं ठसठशीत होत नाहीत. लंडनच्या गायज हॉस्पिटलात थॉमस अॅडिसनने १८५५ साली या आजाराचे अकरा रुग्ण मांडले, त्यांतही अनेकांच्या ग्रंथी टीबीने खाल्लेल्या होत्या.

पण मग बाराव्याच दिवशी का कोसळला? तो झाला दुसरा प्रश्न. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन यकृताला कॉर्टिसॉल भराभर मोडायला लावतं. हा परिणाम चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात. धडधाकट अॅड्रिनल त्याची भरपाई करते, पोखरलेली करू शकत नाही. थोडक्यात, माझ्या बरोबर औषधानेच त्याच्याकडे उरलेलं थोडंसं संपवलं. प्रश्न विचारतो, आता काय? निम्मी मुलं ‘रिफॅम्पिसिन बंद’ लिहितात. योग्य उत्तर, रिफॅम्पिसिन चालू ठेवून हायड्रोकॉर्टिसोनची रोजची मात्रा साधारण दुप्पट करायची, आणि एकेटी संपली की बेताने कमी करायची.

तिसरा आणि चौथा प्रश्न एकाच बाईवर. गुडघ्यांसाठी दोन वर्षं बिनलेबलच्या पुडीतल्या गोळ्या खाल्लेल्या, तोंड गोल, दंड काटकुळे, कातडीला नुसता धक्का लागला तरी काळंनिळं. गोळ्या एकदम थांबवल्या आणि चक्कर येऊन पडली. कुशिंगचं सर्वांत जास्त आढळणारं कारण विचारलं की मुलं पिट्युटरीची गाठ लिहितात. खरं उत्तर, बाहेरून खाल्लेलं स्टेरॉइड. चौथ्यात विचारलंय, हिचं पोटॅशियम नॉर्मल का आणि हिरड्या काळ्या का नाहीत? बाहेरच्या स्टेरॉइडने पिट्युटरी झोपते, एसीटीएच घटतं, म्हणून रंग चढत नाही. ग्रंथीचे मधला आणि आतला थर सुकतात, पण बाहेरचा थर रेनिनच्या हुकमावर चालतो, तो शाबूत राहतो. त्यामुळे अल्डोस्टेरॉन आणि पोटॅशियम जागच्या जागी. हे एकदा उमगलं की पहिला प्रश्नही पाठ करावा लागत नाही.

पाचव्या आणि सातव्या उत्तरांवर खाडाखोड जास्त. फिओक्रोमोसायटोमासाठी मी आधी लघवीतलं व्हीएमए लिहिलं होतं, आम्ही तसंच शिकलो होतो. आता रक्तातलं किंवा लघवीतलं मेटानेफ्रिन. स्पष्टीकरणात मी मोठ्या दिमाखात दहा टक्क्यांचा नियम दिला होता, दहा टक्के आनुवंशिक, दहा टक्के कॅन्सरचे. जनुकांच्या तपासण्या वाढल्या आणि आनुवंशिकांचा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर गेला. २०१७ च्या वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने ‘साधी’ आणि ‘कॅन्सरची’ ही विभागणीच काढून टाकली, कोणतीही गाठ पसरू शकते असं धरून. सहावा प्रश्न मात्र जसाच्या तसा. अशा रुग्णाला बीटा-ब्लॉकर आधी दिला तर रक्तवाहिन्या आवळणारा अल्फा मोकाट राहतो आणि बीपी आभाळाला भिडतं, म्हणून आधी अल्फा, मग बीटा. सातव्यात कॉनच्या आजाराला ‘पोटॅशियम कमी असलंच पाहिजे’ असं माझं वाक्य होतं. बहुतेकांचं ते नॉर्मल असतं. कॉनने १९५५ साली सांगितलेलं चित्र ठळक रुग्णाचं होतं, ओपीडीत येणारा रुग्ण तितका ठळक नसतो.

उरलेले तीन पटकन सुटतात. तीन आठवड्यांचं उलट्या करणारं बाळ, मुलगा असल्यानं बाहेरून काहीच वेगळं नाही, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन मागा. ताप आणि अंगभर जांभळे चट्टे येऊन काही तासांत कोसळलेलं पोर, मेनिंगोकॉकसमुळे दोन्ही ग्रंथींत रक्तस्राव. सीटीत सहज सापडलेली दोन सेंटिमीटरची गाठ, घनता १० हून कमी, म्हणजे चरबीने भरलेला साधा अॅडिनोमा. तिथंही, गाठ हार्मोन सोडते का हे तपासायचं राहतंच, आणि मुलं नेमकं तेच विसरतात.

गेल्या दिवाळीत एका मुलीनं दहाही बरोबर सोडवले आणि विचारलं, “सर, त्या शेतकऱ्याला घरी पाठवताना काय सांगितलं?” मी कपाटातून त्याच्या चिठ्ठीची नक्कल काढली. ‘गोळी एक दिवसही चुकवू नये. ताप आला तर दुप्पट घ्यावी.’ तिनं दोनदा वाचलं. “आणि उलटी झाली तर? गोळी पोटात राहणारच नाही.” चिठ्ठीत ते नव्हतं. तो कोसळला होता तो उलट्या करतच. मी पेन काढून खाली लिहिलं, ‘उलटी झाली तर वाट पाहू नये, लगेच इंजेक्शनला यावं’, आणि कंपाउंडरला त्याचा फोन लावायला सांगितलं.