गाळलेला एक s

२८ मार्च २०२० रोजी पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि पाठोपाठ pmcare@sbi हा बनावट यूपीआय आयडी फिरू लागला. खरा होता pmcares@sbi. घाईत वाचणाऱ्याला तो गाळलेला s दिसणार कसा? दिल्ली पोलिसांनी लक्ष वेधल्यावर बनावट आयडी बंद झाला.

पैसे पाठवण्याआधी अ‍ॅप खातेदाराचे नाव दाखवते. संस्थेऐवजी तिथे भलत्याच व्यक्तीचे नाव आले, तर थांबावे. नावही हुबेहूब बेतलेले असू शकते. म्हणून आयडी फॉरवर्डमधून न घेता संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा.

‘तासाभरात पाठवा, नाहीतर मूल वाचणार नाही’ ही घाई तपासणी टाळण्यासाठीच असते. मजकुरात ना गाव, ना रुग्णालय, ना तारीख. रडणाऱ्या मुलाचा फोटो गूगल लेन्सवर टाकला, तर कधी कधी तो जुन्याच एखाद्या पुरातला निघतो.