रुजू होण्याची तारीख

इचलकरंजीतली एक मुलगी. वय २२, बी.कॉम. झालेली. वडील एका खर्चीवाल्याच्या यंत्रमागावर जॉबर, आई मेंडिंग खात्यात. धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. जून महिन्याच्या एकाच पंधरवड्यात तिच्या हातात दोन कागद आले. पहिला तहसील कचेरीतल्या लिपिक-टंकलेखक पदाचा नियुक्ती आदेश, दिलेल्या मुदतीत रुजू न झाल्यास निवड रद्द, असं खाली छापलेला. दुसरा खारघरच्या निफ्टमधल्या दोन वर्षांच्या मास्टर ऑफ डिझाइनच्या प्रवेशाचा. फी भरली नाही, तर ही जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

ही मुलगी मी रचलेली आहे, म्हणून तिला नाव देत नाही. पण तिच्यासारख्या मुली यंत्रमागाच्या गावात सापडतात, आणि नियम व आकडेमोड मी रचलेली नाही. अशी गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा ‘स्वप्न की भाकरी’ अशी सांगितली जाते. ते मला खोटं वाटतं. स्वप्नाच्या कागदालाही हप्ता असतो आणि भाकरीच्या कागदालाही बारीक अक्षरातल्या अटी असतात. त्या वाचल्याशिवाय तिची तगमग नेमकी कशाची आहे हे कळत नाही.

आधी डिझाइन म्हणजे तिच्या लेखी काय, ते पाहू. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, आणि आजही गावात बरंचसं काम साध्या, कोऱ्या सुती कापडाचं आहे. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीनं विणून देणारा. त्याची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे आडवा धागा, आणि दर पैशांत. अशा धंद्यात नक्षीला जागा कमी. आई कापड टेबलावर पसरते, गाठी चिमट्यानं काढते, आडवा धागा चुकून पडलेली फट सुईनं भरते. मुलगी लहानपणापासून तिच्या शेजारी बसलेली. बाद झालेले तुकडे ती वहीत चिकटवायची, आणि एक दिवस तिला सुचलं की ही फट ठरावीक अंतरावर मुद्दाम सोडली तर तिचाच पट्टा होईल.

वडिलांनी सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीनं हातभर कापड तसं विणून दिलं. दिसायला सुरेख. एकदा धुतलं आणि फटीच्या कडेचे धागे सरकून पट्टा वेडावाकडा झाला. साध्या विणीत आडवा धागा एकाआड एक खाली-वर जातो, त्याला धरून ठेवतो तो फक्त शेजारच्या धाग्याचा दाब. शेजारीच नाही म्हटल्यावर तो हलणारच. यावर उपाय आहे. फटीजवळ उभ्या धाग्यांच्या जोड्या एकमेकींना पीळ घालून विणायच्या, म्हणजे आडवा धागा त्या पिळात अडकून बसतो. या विणीला लेनो म्हणतात. साध्या मागाला त्यासाठी वेगळी जोडणी लागते, वेग कमी होतो आणि कापड महाग पडतं. मग ते कुणी घ्यायचं, किती जाडीच्या सुताचं, पडद्यासाठी की ओढणीसाठी? डिझाइन शिकणं म्हणजे या प्रश्नांची उत्तरं शोधायला शिकणं. चित्र सुंदर काढता येणं ही त्यातली पहिली पायरी, आणि प्रवेशाच्या मुलाखतीतही तिची ती वेडावाकडी झालेली चिंधीच बोलली असणार.

मग गावातच का शिकत नाही? इचलकरंजीत १९८२ पासून डीकेटीईची वस्त्रोद्योग शिकवणारी संस्था आहे. पण तिथल्या बी.टेक.ला बारावी विज्ञान शाखेची लागते आणि ही कॉमर्सची. निफ्टच्या मास्टर ऑफ डिझाइनला कुठल्याही शाखेची तीन वर्षांची पदवी चालते. तिच्यापुढे हा एकच सरळ रस्ता होता.

आता दुसरा कागद. राज्य सरकारच्या लिपिकाचं मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता आणि घरभाडं मिळवून, निवृत्तिवेतन योजनेची कपात वजा जाता सुरुवातीला हातात तिसेक हजार पडतात. काम बारनिशीवर बसून टपाल घेण्याचं, आवक-जावक नोंदीचं, टिपणी टाकून फाइल वर पाठवण्याचं. या कामाला नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की जॉबरच्या घरात ठरलेल्या तारखेला पगार येणं हे या पिढीत पहिल्यांदा घडतंय. माग बंद असला की मजुरी बंद, आणि मंदीत माग महिनोन्‌महिने बंद असतात.

मामा तहसीलमध्ये अव्वल कारकून. घरात असला प्रश्न आला की अखेरचा शब्द त्याचाच. तो म्हणाला, “अगं, आधी हजर तर हो. मग अभ्यास रजा टाक आणि जा की शिकायला.” सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण हा सल्ला कागदावर टिकत नाही. अभ्यास रजेसाठी साधारणपणे किमान पाच वर्षांची सेवा लागते, आणि शिक्षणाचा संबंध तुमच्या पदाच्या कामाशी असावा लागतो. लेनो विणीचा आणि आवक-जावक नोंदवहीचा संबंध कुठला अधिकारी मान्य करणार? रुजू होऊन महिन्याभरात राजीनामा देणं शक्य आहे, फक्त त्यात प्रतीक्षा यादीतल्या कुणाची तरी जागा विनाकारण अडते.

मधला रस्ता असा बंद झाल्यावर उरतो पैशांचा हिशेब. फी, वसतिगृह, सूत-रंग-कागद आणि नवी मुंबईतलं जगणं धरून दोन वर्षांना दहा लाख धरू. समजा हे सगळं शैक्षणिक कर्जातून काढलं, व्याज दहा टक्के. कर्ज सहामाहीगणिक अडीच-अडीच लाखांनी मिळतं. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज साठत राहतं. तिसऱ्या वर्षाअखेर ते सव्वादोन लाख होतं. मग सव्वाबारा लाखांचा दहा वर्षांचा हप्ता येतो महिना १६ हजारांच्या थोडा वर. नव्या डिझायनरला पहिली नोकरी तीस हजारांची मिळाली आणि ती मुंबईत किंवा सुरतेत असली, तर हप्ता आणि खोलीभाडं देऊन हातात फारसं काही उरत नाही. अशा वेळी मुलं मिळेल ते काम धरतात, आणि बऱ्याचदा ते काम दुसऱ्याच्या नक्षीत रंग बदलून देण्याचं असतं.

हप्त्याच्याही आधी एक अडचण आहे. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. यांचं घर चार काकांच्या सामाईक नावावर. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं, म्हणून शाखेत जाण्याआधी आपली संस्था त्या यादीत आहे का ते बघणं ही पहिली गोष्ट. अनेक घरांत हे कुणी बघत नाही, शाखेतला कर्मचारी ‘तारण आणा’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो.

तीन वर्षं नोकरी करून मग गेली तर? महिना १५ हजार बाजूला पडले तर तीन वर्षांत पाच लाख चाळीस हजार जमतात. कर्ज निम्म्यावर येतं, हप्ता आठ हजारांवर, तारणाचा प्रश्नही बहुधा उरत नाही. निफ्टच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वयाची वरची अट नाही, प्रवेश परीक्षा मात्र पुन्हा द्यावी लागेल. उलट बाजूनंही तेच. राज्य सरकारच्या लिपिक भरतीला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. टंकलेखनाचं प्रमाणपत्र जुनं होत नाही. म्हणजे नियमांनी पाहिलं तर २२ व्या वर्षी तिची कुठलीच वाट कायमची बंद होत नाही. घाई आहे ती घराची. ‘सरकारी नोकरीवाली’ म्हटलं की स्थळं येऊ लागतात, आणि ‘दोन वर्षं खारघरला शिकते’ म्हटलं की ती थांबतात. आईची तगमग यासाठी आहे. ती वाईट बाई नाही, तिनं मंदीतले रिकामे महिने मोजलेत.

तीन वर्षांचा हिशेब कागदावर सोपा दिसतो, पण तो कुठे फसतो हे गावातल्या कुणालाही विचारा. पगार सुरू झाला की पहिल्या सहा महिन्यांत घरावर मजला चढवायचं ठरतं आणि कर्जात मुलीचं नाव सहकर्जदार म्हणून जातं. मग पतसंस्थेत कुणीतरी नातलग जामीन मागायला येतो. पगारदार जामीनदार म्हणजे पतसंस्थेच्या लेखी सोनं. सहकार कायद्याच्या कलम ४९ नुसार कर्जदारानं संमती दिलेली असली तर त्याच्या पगारातून थेट कपात होऊ शकते, आणि मूळ कर्जदारानं हप्ते थकवले की वसुली जामीनदाराच्या दारात येते. अशा दोन सह्या झाल्या की महिन्याचे १५ हजार संपले, आणि खारघरही.

दुसरी फसगत हळूहळू होते. तीन वर्षांत हात थांबतो. चिंध्यांची वही कपाटावर जाते, कचेरीत विभागीय परीक्षेचा अभ्यास सुरू होतो. हे ओळखायची खूण साधी आहे: गेल्या तीन महिन्यांत स्वतःच्या मनानं काही करून पाहिलं का? उत्तर नाही असेल, तर कदाचित तिला डिझाइन नको होतं, फक्त गावातून बाहेर पडायचं होतं. तेही रास्त आहे, पण त्यासाठी दहा लाख लागत नाहीत. बदलीचा अर्ज पुरतो.

वडिलांकडे फुटकळ तारण किंवा शिल्लक असती, किंवा भाऊ कमावता असता, तर मी तिला सांगितलं असतं, आजच फी भर. या घरात, या आकड्यांवर मात्र माझं मत आहे की तिनं रुजू व्हावं आणि तीन वर्षांनी सोडावं. त्याला अटी दोन. बचतीचं खातं तिच्या एकटीच्या नावावर, पगाराच्या दिवशीच त्यात पैसे वळते होतील असं. आणि रविवारी वडिलांच्या मागावर तुकडा विणणं चालू, लेनोची जोडणी मिळेपर्यंत साध्या विणीतच.

ज्या घरांत असा नियुक्ती आदेश येईल, त्यांना एक विनंती. मुलीला जामिनासाठी सही मागायला येणाऱ्याला पहिली तीन वर्षं घरातल्या मोठ्यांनीच नाही म्हणावं. तिनं म्हटलं तर ती उद्धट ठरते.