३१ टक्क्यांच्या दोन बाजू

थायलंडमध्ये १६ हजारांहून अधिक लोकांवर एचआयव्ही लशीची चाचणी झाली. सप्टेंबर २००९ मध्ये बातमी आली, की लशीमुळे संसर्गाचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. आकडा बरोबर होता, पण अपुरा.

लस घेतलेल्या गटात ५१ जणांना संसर्ग झाला, तेवढ्याच मोठ्या बिनलशीच्या गटात ७४ जणांना. इतक्या थोड्या रुग्णांवरून काढलेल्या अंदाजाचा ९५ टक्के विश्वासांतराल १ ते ५२ टक्के येतो. म्हणजे लशीचा परिणाम जवळजवळ शून्य असण्याशीही ही माहिती जुळते आणि धोका निम्म्यावर येण्याशीही. बातमीत ही दोन्ही टोके द्यायलाच हवीत.

‘पी’ होता ०.०४. यावरून ‘लस उपयोगी असण्याची शक्यता ९६ टक्के’ म्हणणे साफ चूक. लस निरुपयोगी असती, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात सुमारे चार वेळा दिसला असता, इतकेच तो सांगतो.

हे गणित सुरुवातीलाच बाधित असलेल्या सात जणांना वगळून केले होते. त्यांना धरले, की ‘पी’ ०.०८ होतो, अंतराल उणे ४ ते ४८. ०.०५ ही रूढ रेषा ओलांडली गेली, तरी दोन्ही अंतरालांचा बराचसा भाग सारखाच आहे.