भेजो, भेजिए, भेजें

भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या एका छोट्या रिसॉर्टचं बुकिंग मी पाहते. मे महिन्यात दिल्ली-लखनौकडच्या कंपन्या पावसाळी सहलींची चौकशी करतात. त्यांना मेल हिंदीतून जाते.

पहिल्याच वर्षी मी लखनौच्या एका अधिकाऱ्यांना लिहिलं : ‘आप कल तक एडवांस भेजो, नहीं तो खोली कैंसल होगी।’ त्यांचा फोन आला. आवाज शांत होता, पण शब्द दुखावलेले होते.

चूक कुठे झाली, हे कळायला वेळ लागला. आपण ‘तुम्ही उद्यापर्यंत पाठवा’ म्हणतो, त्यात पूर्ण आदर असतो. हिंदीतला ‘तुम’ कानाला ‘तुम्ही’सारखा वाटतो, पण तो बरोबरीच्यासाठी किंवा धाकट्यासाठी. ‘भेजो’ हे त्या ‘तुम’चं क्रियापद. मुंबईच्या हिंदीत ‘आप भेजो’ सर्रास चालतं, म्हणून आपल्या कानाला खटकत नाही. लखनौच्या कानाला मात्र ‘आप’ने दिलेला मान ‘भेजो’ने काढून घेतल्यासारखा वाटतो.

‘आप’बरोबर ‘भेजिए’ हवं. तोंडी बोलण्यात हे पुरेसं आहे. ‘भेजिएगा’मध्ये जरा सवड आणि जिव्हाळा आहे, पण मुदत ठरलेली असेल तर ते ढिलं पडतं. व्यवहाराच्या मेलमध्ये मी ‘भेजें’ वापरते. मराठीत कार्यालयीन पत्रात आपण ‘रक्कम पाठवावी’ लिहितो ना, तेच काम ते करतं. हे जुळलं आणि माझी निम्मी अडचण सुटली. मनातलं वाक्य आधी ‘पाठवावी’त बसवायचं आणि मगच हिंदीत न्यायचं.

दुसरी अडचण शब्दांची. ‘खोली’ म्हटलं की हिंदी माणसाला चाळीतली कोंदट जागा आठवते, म्हणून ‘कमरा’. ‘तक्रार’ तर मुळीच नको, कारण हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण; तिथे ‘शिकायत’.

आता तीच आठवण अशी जाते : ‘आदरणीय महोदय, अग्रिम राशि अभी प्राप्त नहीं हुई है। कृपया 10 जून तक भेजें, ताकि आपके कमरे सुरक्षित रखे जा सकें।’ पहिल्या वाक्यात ‘आप’ मुद्दाम नाही. पैसे आले नाहीत एवढंच सांगायचं, ‘आपने नहीं भेजे’ म्हटलं की बोट दाखवल्यासारखं होतं. ‘नाहीतर रद्द’ची धमकीही ‘ताकि’ने गेली, मुदत मात्र तशीच राहिली.

एका ठिकाणी मी मऊपणा करत नाही. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. म्हणून प्रत्येक मेलच्या शेवटी ‘कृपया’ न लावता एक वाक्य असतं : ‘झरने के पानी में उतरना सख़्त मना है।’