फोन झोपलेला, निरोप पोचलेला

गेल्या मे महिन्यात मुंबईहून न्यू जर्सीला थोरल्या भावाकडे निघालो, तेव्हा विमानात चढण्याआधी दोन निरोप फोनमध्ये लावून ठेवले. पहिला आईला. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता आणि सकाळी सातला, तिच्या चहाच्या वेळेला, मी कुठल्या तरी समुद्रावर असणार होतो. दुसरा दादाला: ‘उतरलो. सामान घेऊन बाहेर येतोय, तू नीघ.’ हा दुपारी सव्वातीनला लावला. तेव्हा तिकडे पहाटेचे पावणेसहा, आणि विमान पाच वाजता टेकणार होतं. उतरल्यावर वायफाय शोधत बसायला नको, असा माझा हिशेब.

दोन्ही निरोप अगदी वेळेवर गेले. घोळ नेमका त्यानेच झाला.

ही सोय आयफोनच्या मेसेजेस अ‍ॅपमध्ये 2024च्या सप्टेंबरात, आयओएस 18 बरोबर आली. 2018 सालच्या एक्सआर किंवा एक्सएसपासून पुढचा फोन असेल आणि अपडेट केलेला असेल, तर तुमच्याकडेही ती आहे. ज्याला निरोप पाठवायचा त्याचा संवाद उघडायचा, लिहायच्या चौकटीच्या डावीकडचं अधिकचं चिन्ह दाबायचं आणि यादीतून `Send Later` निवडायचं. पहिल्या यादीत ते दिसलं नाही तर यादी वर सरकवायची. चौकटीच्या वर एक वेळ येते. तिला स्पर्श केला की तारीख आणि तास-मिनिटं बदलता येतात, पण आजपासून 14 दिवसांच्या आतलीच. मग मजकूर लिहून नेहमीसारखा बाण दाबायचा. निरोपाचा फुगा भरीव निळा न होता तुटक रेघेच्या कडेचा दिसतो. ती तुटक कड म्हणजे ‘अजून गेलेला नाही’.

यात एक मोठी अट आहे. हे फक्त आयमेसेजला, म्हणजे निळ्या फुग्यांच्या संवादाला लागू. समोरच्याकडे अ‍ॅण्ड्रॉइड असेल, फुगे हिरवे असतील, तर हा पर्याय उपयोगाचा नाही. आपल्याकडे निम्मं गणगोत हिरव्यात आणि उरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यामुळे कितीतरी आयफोनवाल्यांना ही सोय आपल्या खिशात आहे हेच माहीत नसतं.

आता मुद्द्याचं. ठरलेल्या वेळी फोनला रेंज नसेल, तो विमान मोडवर असेल किंवा बॅटरी संपून पडला असेल, तर काय होतं? बहुतेकांचा अंदाज असा की निरोप फोनमध्येच अडकून राहील आणि रेंज आली की निघेल. गजराच्या घड्याळाचा सेल गेला की गजर होत नाही, तसंच काहीसं. पूर्वी शॉर्टकट्स अ‍ॅपमधून असे वेळेचे निरोप पाठवायची जी युक्ती लोक वापरत, तिच्यात खरोखरच सगळी भिस्त फोनवर असे. इथे तसं नाही. तुम्ही बाण दाबता त्याच क्षणी निरोप कूटबद्ध होऊन अ‍ॅपलच्या सर्व्हरवर जातो, तिथे वेळ होईपर्यंत थांबतो, वेळ झाली की सर्व्हरच तो पुढे धाडतो आणि मग आपल्याकडची प्रत पुसून टाकतो. पत्र खिशात ठेवून वेळ झाल्यावर पेटीत टाकण्यासारखं हे नाही. पत्र आधीच पोस्टमास्तरच्या हवाली केलेलं असतं, वर ‘अमक्या दिवशी, अमक्या वाजता द्या’ असं लिहून. त्यानंतर पत्र लिहिणारा घरी आहे की गावाला, याच्याशी पोस्टमास्तरला काही देणंघेणं नसतं.

म्हणून नेट लागतं ते निरोप लावताना; जाताना नाही. निरोप खरंच सर्व्हरवर पोचलाय का, हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच खात्यावरचा आयपॅड किंवा मॅक उघडणं. त्यावर नवी प्रणाली असेल तर तोच तुटक कडेचा फुगा तिथेही दिसतो. दुसरं उपकरण नसेल तर घरातल्याच कुणाच्या आयफोनला दहा मिनिटांनंतरचा निरोप लावा, आपला फोन विमान मोडवर टाका आणि त्यांच्या फोनकडे बघत बसा. मी नंतर बायकोच्या फोनवर हा प्रयोग करून पाहिला. तिला फार कौतुक वाटलं नाही.

आईचा निरोप बरोबर सातला वाजला. मी तेव्हा विमानात घोरत होतो. तो आधी लावून ठेवलेला होता हे तिला कळायला मार्ग नव्हता, कारण पोचलेल्या निरोपावर तशी कुठलीही खूण नसते. तिचा फोन त्या वेळी बंद असता, तर निरोप तिच्यासाठी सर्व्हरवर थांबला असता. आयमेसेजमध्ये ही मुदत 30 दिवसांपर्यंत असते.

दादाचं मात्र वेगळं झालं. आमचं विमान मुंबईतच दोन तास धावपट्टीच्या कडेला उभं राहिलं. साडेदहाऐवजी साडेबाराला सुटलं, म्हणजे तिकडे पाचऐवजी सातला टेकणार. जमिनीवर होतो तेव्हा विमान मोड काढून निरोपाची वेळ पुढे ढकलणं एका मिनिटाचं काम होतं. फुग्याच्या वरचं `Edit` दाबलं की वेळ बदलता येते, निरोप लगेच पाठवता येतो किंवा पुसता येतो. ते आठवलं अरबी समुद्रावर गेल्यावर. माझ्या विमानात वायफाय नव्हतं. हातातल्या फोनवर तो तुटक कडेचा फुगा दिसत होता, पण माझा शब्द सर्व्हरपर्यंत पोचवायला वाटच नव्हती. घरी पुण्यात माझ्याच खात्यावरचा आयपॅड होता आणि बायको त्यावरून निरोप सहज पुसू शकली असती. फक्त तिला ते सांगणार कसं?

पावणेसहाला दादाच्या फोनवर ‘उतरलो’ वाजलं. मी अजून सव्वा तास आकाशात होतो. एरवी आयमेसेज पाठवल्यावर दोन मिनिटांच्या आत मागे घेता येतो आणि 15 मिनिटांच्या आत त्यात दुरुस्ती करता येते. पण त्या दोन्हींसाठीही फोनला नेट लागतं. मी उतरून फोन जागा केला तेव्हा फुगा भरीव निळा झालेला, खाली `Delivered` आणि त्याखाली दादाचे चार निरोप, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. शेवटचा नुसता ‘अरे?’

वेळेच्या फरकाचंही सांगतो, कारण परदेशात माणसं असलेल्या घरांना तो हमखास लागतो. आपण निवडतो ती वेळ निरोप लावताना आपण जिथे आहोत तिथल्या घड्याळाची. पुण्यात सकाळी सातचा लावला आणि नंतर आपण न्यू जर्सीला पोचलो, तरी तो पुण्याच्या सातलाच जाणार. तिकडे रात्रीचे साडेनऊ असतील. उलट, तिकडच्या माणसासाठी इथून लावताना वजाबाकी आपणच करायची. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. ऑक्टोबरच्या अखेरीला पुढच्या आठवड्याचा निरोप लावलात आणि जुनाच फरक धरलात, तर तो तासभर लवकर वाजेल; आणि सकाळी सहासाठी धरलेला असेल तर पाचला कुणीतरी जागं होईल.

परतीच्या प्रवासात मी एकच निरोप लावला, बायकोला: ‘विमान वेळेवर असेल तर आता उतरत असेन. आधी विमानाची वेळ बघ, मग नीघ.’ विमान अर्धा तास आधीच टेकलं आणि मी बाहेर तिची वाट बघत उभा.