रात्रपाळीचा खेळ बिघडवते सकाळ

रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जड वेळ कोणती? बहुतेक जण पहाटे तीन ते पाच असंच सांगतील. हा नुसता जागरणाचा शीण असता, तर सात वाजता हाल आणखी वाढायला हवेत. प्रत्यक्षात सातला थोडी तरतरी येते. म्हणजे शिणाखेरीज आणखी काहीतरी काम करत असतं.

ते म्हणजे मेंदूतलं घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. दोन्हींत मिळून पेशी जेमतेम वीस हजार. नाव मात्र लांबलचक: सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, एकमेकांशी संबंध नसताना, उंदरांमधले हे पुंजके नष्ट करून पाहिले. तेव्हा त्यांच्या हिंडण्याफिरण्याला आणि पाणी पिण्याला रात्र-दिवसाचा धरबंधच उरला नाही.

माणसाच्या या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांहून दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो, त्यामुळे ते रोज उजेडावर लावून घ्यावं लागतं. हे काम करणाऱ्या काही पेशी डोळ्याच्या पडद्यावर असतात. त्या प्रामुख्याने उजेड किती आहे हे टिपतात, विशेषतः निळसर उजेड. अंधार पडला की घड्याळाच्या हुकमाने पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. नेहमीच्या झोपेआधी साधारण दोन तास. मेलाटोनिन गुंगीचं औषध नव्हे, ‘रात्र झाली’ अशी शरीरभर दिलेली दवंडी आहे. पुढे उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली येतं. पहाटे जड जाणारी वेळ ती हीच.

या तळाच्या वेळेला आणखी एक महत्त्व आहे. त्याआधी प्रखर उजेड डोळ्यांत गेला, तर घड्याळ मागे सरकतं, म्हणजे झोप उशिरा येऊ लागते. त्यानंतर गेला, तर ते पुढे सरकतं आणि झोप लवकर येते.

आता रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी करणाऱ्या एखाद्या नर्सचं उदाहरण घेऊ. एरवी त्या अकराला झोपून साडेसहाला उठतात. म्हणजे त्यांचा तळ चारच्या सुमारास. वॉर्डातला उजेड असतो दोन-तीनशे लक्स. त्याने घड्याळ थोडं मागे सरकू लागतं, आणि रात्रपाळीला तेच हवं असतं. पण साडेआठला त्या स्कूटरवरून घरी निघतात, तेव्हा डोळ्यांवर हजारो लक्सचं ऊन येतं, तेही तळाची वेळ टळून गेल्यावर. रात्रभराची कमाई तिथेच जाते. साडेनऊला त्या झोपतात, कारण शीण दांडगा असतो. काही तासांत तो बराच ओसरतो. मेलाटोनिन केव्हाच थांबलेलं असतं, घड्याळ ‘जागे राहा’ म्हणत असतं, आणि दुपारी एकला डोळे उघडतात ते पुन्हा मिटत नाहीत.

अशा तुटक्या झोपेचा पहिला फटका लक्षाला बसतो. पडद्यावर आकडा दिसताच बटण दाबायचं, अशी एक साधी चाचणी असते. ताजा माणूस पाव सेकंदाच्या आसपास दाबतो. झोप अपुरी असलेला माणूस बहुतेक वेळा ठीक दाबतो. पण मधूनच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ त्याची तंद्री लागते. दहा वेळा औषधाचा डोस बरोबर वाचणारी व्यक्ती अकराव्या वेळी चुकते ती अशी. त्यातून रोज अपुरी झोप होत राहिली, की चुका वाढत जातात, पण ‘मला फार झोप येत नाही’ असंच त्या माणसाला वाटत राहतं.

शिकागोच्या चार्मेन ईस्टमन यांनी यावर मधला मार्ग सुचवला: तळ चारवरून सकाळी दहाच्या आसपास न्यायचा. त्यासाठी रात्री थोड्या-थोड्या वेळाने प्रखर दिवा, घरी जाताना गडद गॉगल, मग काळोख्या खोलीत साडेआठ ते साडेतीन झोप. सुट्टीच्या दिवशीही पहाटे तीन ते दुपारी बारा झोपायचं. साधलं की ओळखू येतं: जड वेळ पाळी संपल्यावर, अंथरुणात असताना येते. ती अजून पहाटे चारलाच येत असेल, तर घड्याळ हललेलं नाही. मात्र डोळ्यांवर झापड असताना गॉगल लावून स्वतः गाडी चालवू नये. बस किंवा रिक्षा बरी.

पण घड्याळ दिवसाला एक-दोन तासच मागे सरकतं. तळ सहा तास हलवायला आठवड्याच्या आसपास लागतो, आणि तेवढ्यात पाळी बदलली तर सगळी मेहनत उलटी पडते. म्हणून महिनोन्‌महिने रात्रच करणाऱ्यांनीच हा खटाटोप करावा. दोन-तीन रात्रींची पाळी असेल, तर घड्याळ दिवसाचंच राहू द्यावं. निघण्याआधी संध्याकाळी दीड तास झोप काढावी, मधल्या विश्रांतीत वीसेक मिनिटांची डुलकी घ्यावी, आणि औषधांचे हिशेब तपासण्यासारखी कामं पहाटे तीन ते पाचमध्ये एकट्याने करू नयेत.