तांबट नक्की कुठं बसलाय?

शाळेच्या मैदानात फक्कीनं एक वर्तुळ आखायचं, साधारण तीन मीटर त्रिज्येचं. मधोमध एक मूल डोळ्यांवर पट्टी बांधून मांडी घालून बसतं. वर्तुळावर आठ खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर एकेक मूल दोन छोटे दगड हातात घेऊन उभं करायचं. गुरुजी किंवा बाई नुसत्या बोटानं खूण करतात, ज्याच्याकडे खूण होईल त्यानं दगडावर दगड एकदाच आपटायचा, आणि मधल्यानं आवाज आला त्या दिशेला हात करायचा. आंधळी कोशिंबीर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे नियम समजावायला वेळ लागत नाही. फरक एवढाच, की इथं कुणाला पकडायचं नसतं. एक मूल कडेला वही घेऊन बसतं आणि दगड कुठे वाजला, हात कुठे गेला एवढंच लिहीत जातं.

पहिल्या फेरीत मधल्या मुलानं डोकं अजिबात हलवायचं नाही. दहा-बारा वेळा दगड वाजले की वहीत एक गमतीचा नमुना दिसू लागतो. उजवीकडचा आवाज उजवीकडे आणि डावीकडचा डावीकडे, यात सहसा चूक होत नाही. पण बरोबर समोर वाजलेल्या दगडासाठी काही मुलं पाठीमागे हात करतात, आणि पाठीमागचा आवाज काहींना समोरून आल्यासारखा वाटतो. वर्ग खो खो हसतो. खरं तर इथं मुलाचा दोष नसतो.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी गाठतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाकडे थोडा उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश एवढाच असतो. मेंदू तेवढ्यावरून बाजू ओळखतो. शिवाय बारीक, तीक्ष्ण आवाज डोक्याच्या आडोशानं पलीकडच्या कानाला हलका ऐकू येतो, त्याचाही उपयोग होतो. पण आवाज बरोबर समोरून आला काय किंवा बरोबर मागून आला काय, दोन्ही कानांना तो एकाच वेळी आणि सारखाच पोचतो. मग राहतो तो कानाच्या पाळीचा आणि तिच्या वळ्यांचा आधार. समोरचा आणि मागचा आवाज त्या वळ्यांतून जाताना थोडा वेगवेगळा रंगतो, आणि त्या रंगावरून मेंदू अंदाज बांधतो.

लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं 1870 च्या दशकात जवळपास हाच खेळ मोठ्या माणसांना घेऊन खेळला होता. स्वतः डोळे मिटून हिरवळीवर उभा राहायचा आणि मदतनीस भोवती गोल करून आवाज द्यायचे. माणूस बोलला की तो समोर आहे की मागे हे त्याला कळे, पण नादकाट्याचा शुद्ध स्वर असला की समोर-मागे काही केल्या उमगत नसे. शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात नादकाटा असतोच. वर्तुळ दीडेक मीटरवर आणा, नादकाटा रबरी ठोकळ्यावर वाजवा आणि बघा. दगडाच्या टक्क आवाजात अनेक स्वर मिसळलेले असतात, म्हणून कानाच्या वळ्यांना काहीतरी काम मिळतं. नादकाट्यात एकच स्वर, त्याला कुठला रंग चढणार?

दुसऱ्या फेरीत तोच खेळ, पण आवाज एकापाठोपाठ तीन-चारदा करायचा आणि मधल्यानं डोकं हलवलं तरी चालेल असं सांगायचं. समोर-मागची गफलत बहुतेक नाहीशी होते. डोकं उजवीकडे वळवलं की डावा कान पुढे येतो. आवाज समोर असेल तर तो आता डाव्या कानाला आधी पोचतो, मागे असेल तर उजव्याला. कोडं सुटलं. मुलांना हे कारण नंतर सांगावं, आधी नुसतं डोकं वळवून बघू द्यावं.

या खेळात बारीकसारीक गोष्टी घोळ घालतात. वर्गात खेळलात तर भिंतींवरून आवाज परततो आणि निकाल बिघडतो, म्हणून मैदानच बरं. ओढणी किंवा मफलर कानावरून बांधली तर कानाच्या वळ्याच झाकल्या जातात; पट्टी कानाच्या वरून गेली पाहिजे. डोळे येण्याची साथ असते, तेव्हा प्रत्येकानं आपापला रुमाल आणावा. पट्टीची भीती वाटणाऱ्या मुलाला नुसते डोळे मिटू द्यावेत. एखादं मूल प्रत्येक फेरीत एकाच बाजूचे आवाज चुकवत असेल, डावीकडचा दगडसुद्धा उजवीकडे दाखवत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये. कानात मळ असेल, सर्दीनं कान दडला असेल किंवा एका कानाला खरंच कमी ऐकू येत असेल. वर्गात चर्चा न करता दोन-चार दिवसांनी पुन्हा बघावं आणि पालकांना कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगावं.

‘अंध माणसाला कसं वाटतं ते अनुभवा’ म्हणून हा खेळ घेणारे काही उत्साही लोक असतात. मला ते पटत नाही. अंध माणसाचं ऐकणं वर्षानुवर्षांच्या सवयीतून घडलेलं असतं. पाच मिनिटांच्या पट्टीतून मुलांच्या हाती फक्त चाचपडणं लागतं. पट्टी इथं आहे ती डोळ्यांनी कानाला उत्तर सांगू नये म्हणून.

आता शाळेभोवतीची मूक फेरी. ही कल्पना कॅनडातली. मरे शेफर नावाचे संगीतकार आणि त्यांचे सहकारी 1970 च्या सुमारास व्हँकुव्हर शहराचे आवाज नोंदवत होते, विद्यार्थ्यांना न बोलता चालायला लावत होते. त्याच गटातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांनी 1974 मध्ये अशा चालण्यावर लेख लिहिला. आपल्याला त्यासाठी यंत्र लागत नाही, कोरा कागद, पुठ्ठा आणि पेन्सिल पुरते. फेरीत डोळ्यांवर पट्टी मात्र नको, रस्ता जवळ असतो. आठ-दहा मुलांचा गट, पुढे एक मोठं माणूस आणि मागे एक. पाण्याच्या बाटल्या, किल्ल्या, चुरचुरणाऱ्या पिशव्या वर्गातच ठेवायच्या, नाहीतर सगळ्या नकाशांवर आपल्याच बाटलीचा आवाज येतो.

चालताना लिहायचं नाही. ठरलेल्या चार-पाच थांब्यांवर प्रत्येकी तीन मिनिटं उभं राहायचं. कागदाच्या मध्यावर फुली म्हणजे ‘मी’, कागदाची वरची कड म्हणजे ‘माझ्या समोर’. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करायचं, ही अट विसरली की नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. आणि आवाजाचं नाव लिहायचं नाही, जसा ऐकू आला तसा लिहायचा: ‘घर्र’, ‘टुक टुक’, ‘चुळ्ळ’. नाव लिहायला सांगितलं की मुलं पाहिलेल्या गोष्टी लिहितात. भिंतीवर चोच मिटून बसलेला कावळा हमखास ‘काव काव’ म्हणून कागदावर उतरतो.

तालुक्याच्या गावातली, एसटीच्या रस्त्याला लागून असलेली एक शाळा डोळ्यांसमोर आणा. पुढे फाटक, मध्ये ध्वजस्तंभ, मागे खिचडी शिजवायची शेड, तिच्यापलीकडे पिंपळ, आणि डाव्या हाताला रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी. मार्चमधली सकाळ आहे. शेडजवळच्या थांब्यावर सगळ्यांनी ‘टुक टुक’ लिहिलंय, पण कुणी ते पिंपळात दाखवलंय, कुणी शेडच्या छपरावर, कुणी कुंपणापलीकडे. हा तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, पानांत दिसता दिसत नाही. ओरडताना तो मान या बाजूनं त्या बाजूला फिरवतो, त्यामुळे आवाज कधी जवळून तर कधी दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. चांगले जाणकारसुद्धा त्याला शोधताना फसतात.

त्याला पकडायचा उपाय शेतमोजणीतला. एक गट शेडजवळ, दुसरा तिथून पन्नास पावलांवर ध्वजस्तंभापाशी. दोन्ही गटांतल्या प्रत्येकानं डोळे मिटून, डोकं थोडं वळवून, ‘टुक टुक’च्या दिशेला हात करायचा. जास्तीत जास्त हात दाखवतील ती दिशा शाळेच्या आराखड्यावर रेघेनं काढायची. दोन रेघा जिथं छेदतात तिथं तांबट. आमच्या या शाळेत त्या पिंपळाच्या रस्त्याकडच्या फांदीवर छेदतात. एका जागेवरून कान दिशा सांगतो, अंतर नाही. मोठा आवाज जवळचा आणि लहान आवाज लांबचा असं धरून चालतो. अंतर हवं असेल तर दोन जागांवरून ऐकावं लागतं.

शेडजवळच दुसरी गंमत होते. काही मुलांनी एसटीचा हॉर्न मागच्या कुंपणाच्या भिंतीतून आलेला दाखवलाय, रस्ता तर पुढे आहे. शाळेच्या इमारतीनं सरळ येणारा आवाज अडवलाय, आणि मागच्या भिंतीवर आपटून आलेला तेवढा कानाला पोचतोय. नकाशा खोटा नाही, मुलांनी ऐकलं तेच काढलंय. खात्री करायची तर इमारतीच्या आडोशातून वीसेक पावलं बाहेर यायचं. हॉर्न एकदम पुढच्या बाजूला सरकतो.

सगळ्यात बोलका धडा अपघातानं मिळतो. मधेच वीज जाते, गिरणी थांबते. तोवर कुणीच गिरणी लिहिलेली नसते, कारण तिची घरघर इतकी सलग असते की कान तिला आवाज म्हणून मोजतच नाही. ती थांबताच कागदांवर नवी अक्षरं येतात: खारीचा चिरचिराट, शेजारच्या वर्गातले पाढे, दूर कुठेतरी कपडे आपटल्याचे धपके. ते आधीही होतेच, घरघर त्यांना झाकत होती. खालच्या पट्टीचा सलग आवाज वरच्या पट्टीतल्या हलक्या आवाजांवर सहज पांघरूण घालतो. म्हणून एकाच थांब्यावर दोन नकाशे काढावेत, एक गिरणी चालू असताना आणि एक बंद असताना. दुसऱ्यात आहे पण पहिल्यात नाही, ती यादी वेगळी लिहावी. मागच्या बाकावरच्या मुलाला शिक्षकांचे कुठले शब्द ऐकू येत नसतील, याचा अंदाज त्या यादीवरून बांधता येतो.

शेवटी सगळे कागद शाळेच्या एकाच मोठ्या आराखड्यावर उतरवायचे. सलग आवाजाला रेघ, अधूनमधून येणाऱ्याला ठिपके, एकदाच आलेल्याला फुली. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि वीज होती की नव्हती, हे न विसरता लिहायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या नकाशाशी तुलनाच होणार नाही. या नकाशावरून आवाज किती डेसिबलचा हे सांगता येत नाही, आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपचे आकडेही पुरावा म्हणून धरू नयेत. पण कुठल्या वर्गावर कुठून काय येतं, ते त्यात स्वच्छ दिसतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार शाळेभोवतीचा किमान 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र जाहीर करता येतो, आणि तिथं दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. तुमच्या मुलांच्या नकाशावर फाटकापासून 100 मीटरची एक रेघ मारून बघा, आणि रस्त्यावरच्या हॉर्नचे ठिपके त्या रेघेच्या आत दाट असतील तर तो कागद ग्रामसभेत घेऊन जा.